देवळावरची पाटी फोटोवरून टाइप करताना : ओळ तीच, अक्षर तेच, आणि फुटलेले अक्षर फुटलेलेच

बेळगाव तालुक्यातल्या एका गावात रवळनाथाच्या देवळाचे काम निघाले. सभामंडप पाडून नवा बांधायचा होता. दाराच्या डोक्यावर काळ्या दगडाची, साधारण दोन फूट रुंद पाटी होती. ती उतरवताना फुटलीच तर निदान मजकूर हातात असावा, म्हणून मंडळाच्या पोरांनी मोबाइलवर फोटो काढून मला पाठवले आणि म्हणाले, "टाइप करून द्या, सहाच ओळी आहेत."

त्या सहा ओळींना माझ्या तीन संध्याकाळी गेल्या. त्या का गेल्या आणि शेवटी काय हाती लागले, ते क्रमाने सांगतो. आपल्याकडे खानापूर, बेळगाव, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात अशा पाट्या गावोगाव आहेत. बहुतेक गेल्या शंभर-दीडशे वर्षांतल्या, देवनागरीत कोरलेल्या, कुठे वर कन्नड आणि खाली मराठी. हलशीच्या भूवराह नरसिंहाच्या देवळात दिसतात तसले कदंबांच्या काळचे शिलालेख हे वेगळे प्रकरण. तिथे लिपी वाचायलाच जाणकार लागतो. इथे मी बोलतोय ते आपल्याला वाचता येणाऱ्या पाटीबद्दल. आणि खरी फसगत होते ती तिथेच, कारण वाचता येते म्हटले की डोळा थांबतच नाही.

आधी फोटो पुन्हा काढा

आलेले फोटो व्हॉट्सॲपवरून आले होते, म्हणजे आकाराने दाबलेले. मोठे करून बघितले की अक्षराच्या कडा विरघळतात आणि टिंब कुठले, खड्डा कुठला, ते कळत नाही. तेच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितले तेव्हा थोडे सुधारले. पण मूळ अडचण प्रकाशाची होती. फोटो भर दुपारी, समोरून फ्लॅश मारून काढलेले. समोरून उजेड पडला की कोरलेल्या रेघेत सावलीच पडत नाही. मग दिसतो तो फक्त रंग, आणि रंग कुणी भरला, कधी भरला, कसा भरला याचा भरवसा नसतो.

म्हणून अंधार पडल्यावर मी स्वतः गेलो. मोबाइल पाटीच्या बरोबर समोर, तिरका न धरता, आणि टॉर्च दुसऱ्या माणसाच्या हातात, दगडाला जवळजवळ घासून जाईल असा बाजूने. गुरवमामा खालून विचारत होते, "काय करूलास रे अंधारात?" त्यांनाच टॉर्च धरायला लावली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. ज्या दिशेने उजेड येतो, त्या दिशेला समांतर असलेली रेघ दिसेनाशी होते. टॉर्च डावीकडून धरली की काने, वेलांट्यांचे दांडे असल्या उभ्या रेघा ठसठशीत उठतात, पण शिरोरेघ गायब होते. वरून धरली की शिरोरेघ आणि आडव्या रेघा येतात, काने पुसट होतात. म्हणून प्रत्येक भागाचे निदान तीन फोटो हवेत : डावीकडून, उजवीकडून आणि वरून. खालून उजेड टाकून काढलेला फोटो शक्यतो वापरू नये. उजेड वरून येतो अशी डोळ्याला सवय असते, त्यामुळे खालून उजळलेली खोदलेली अक्षरे चक्क उठावाची वाटू लागतात.

पाटीवर खडू घासणे, पीठ चोळणे, तेल लावणे, तारेच्या ब्रशने रंग खरवडणे यातले काही करायचे नाही. खडूने तर दुहेरी नुकसान. खडू रेघेत भरणारा माणूस त्याला जे वाचता आले तेच भरतो आणि आपण मग दगड न वाचता त्याचे मत वाचतो.

खुणा ठरवा, त्याही थोड्याच

टाइप करायला बसण्याआधी एक प्रश्न मिटवायचा : झिजलेले अक्षर दाखवायचे कसे? शिलालेख छापणाऱ्यांनी याच्या पद्धती फार पूर्वी बसवल्या आहेत. पण इथे एक खाच आहे. आपल्याकडच्या शिलालेखांच्या वाचनांत, म्हणजे 'एपिग्राफिया इंडिका'सारख्या प्रकाशनांत, चौकोनी कंसातले अक्षर म्हणजे दगडावर दिसते आहे, पण खराब झालेले किंवा शंकास्पद आहे. (बेळगावच्या किल्ल्यातल्या जैन बस्तीशी संबंधित, इ.स. १२०४ चे दोन लेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांचे एल. डी. बार्नेट यांनी केलेले वाचन याच मालिकेत छापले आहे.) उलट ग्रीक-लॅटिन लेखांसाठी १९३१ साली लायडन इथे ठरलेल्या पद्धतीत चौकोनी कंस म्हणजे अक्षर दगडावर उरलेलेच नाही, संपादकाने अंदाजाने भरले आहे. कंस तोच, अर्थ जवळजवळ उलटा. म्हणून कुठलीही पद्धत घ्या, पण फाइलच्या डोक्यावर चार ओळींत खुणांचा अर्थ लिहून ठेवा. दहा वर्षांनी फाइल उघडणाऱ्याला तुमच्या मनातले कळणार नाही.

लायडन पद्धतीत शंकास्पद अक्षराखाली टिंब देतात. देवनागरीत ते वापरू नका. ड, ढ, ज यांच्याखाली टिंब दिले की तो नुक्ता वाटतो आणि वाचणारा वेगळेच अक्षर वाचतो.

मी चारच खुणा वापरतो :

```
[क]   अक्षर दिसते, पण खात्री नाही
+     एक अक्षर गेले किंवा वाचता येत नाही
---   किती अक्षरे गेली तेच सांगता येत नाही
◌ी    मूळ अक्षर गेले, वेलांटी तेवढी उरली
```

गेलेल्या अक्षरासाठी पूर्वी मी टिंबे देत असे, एका अक्षराला एक. दोन कारणांनी सोडले. एक म्हणजे जुन्या पाट्यांवर 'रा. रा.' सारखी संक्षेपाची टिंबे खरोखरच असतात. ती आणि माझी टिंबे एकमेकांत मिसळतात. दुसरे म्हणजे वर्डमध्ये तीन टिंबे सलग दिली की ती आपोआप एकाच चिन्हात बदलतात. दिसायला तीनच दिसतात, पण मग मोजणी बिघडते. फुलीसारखे अधिकचिन्ह पाटीवर सहसा नसते, म्हणून ते बरे. तीन आडव्या रेघांचेही तसेच : काही फोनवर दोन रेघा दिल्या की एक लांब रेघ होते. ही सोय सेटिंगमध्ये बंद करून टाका.

तारकाचिन्ह टाळण्याचे कारण अगदी घरगुती आहे. छापील वाचनांत ते सर्रास असते, पण आपला सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर. तिथे दोन तारकांमधला मजकूर ठळक होतो आणि तारका नाहीशा होतात. खुणा केल्या होत्या हेच मग पलीकडच्याला कळत नाही.

चौथ्या खुणेतले टिंबाटिंबांचे वर्तुळ म्हणजे U+25CC. काना, मात्रा, वेलांटी यांना युनिकोडमध्ये टेकायला अक्षर लागते. नुसती वेलांटी टाइप केली तर संगणक स्वतःच असे वर्तुळ दाखवतो, पण कधी दाखवतो, कधी नाही. म्हणून ते आपणच टाइप करायचे. यावरूनच पुढचा नियम येतो : कंस नेहमी पूर्ण अक्षराला घालायचा, फक्त मात्रेला नाही. 'के' मधला क स्पष्ट आणि मात्रा पुसट असेल तर क नंतर कंस उघडून आत मात्रा टाकण्याचा मोह होतो. तसे केले की मात्रा कंसाला टेकते आणि पडद्यावर विचित्र आकृती उमटते. सरळ [के] लिहा आणि खाली टिपेत सांगा, 'क स्पष्ट, मात्रा शंकास्पद'.

ओळ म्हणजे दगडावरची ओळ

पाथरवटाला दगडाची रुंदी पुरली नाही की तो शब्द कुठेही तोडतो. आमच्या पाटीवर 'जीर्णोद्धार' हा शब्द 'जीर्णो' वर तुटून पुढच्या ओळीत 'द्धार' असा आला आहे आणि मध्ये जोडरेघ नाही. आपणही द्यायची नाही. पुढे पाटीचा तुकडा निघाला तर तो कुठल्या जागेचा, हे याच तुटीवरून सांगता येते. 'द्धार' ने सुरू होणारी ओळ एकच आहे.

नुसते एंटर मारून ओळी राखल्या जात नाहीत. फोनच्या अरुंद पडद्यावर लांब ओळ आपोआप दुमडते आणि दगडाची ओळ कुठली, पडद्याची कुठली, ते कळत नाही. म्हणून प्रत्येक ओळीच्या आधी क्रमांक हवा. क्रमांक मी इंग्रजी आकड्यांत देतो, 01, 02 असे, कारण दगडावरचे आकडे देवनागरी आहेत आणि दोन्ही मिसळायला नकोत. क्रमांकापुढे टिंब देत नाही. '1.' असे लिहिले की व्हॉट्सॲप आणि वर्ड त्याची यादी करून टाकतात आणि ओळी आत सरकतात.

मजकूर सलग लिहायची वेळ आली, समजा गावच्या पुस्तिकेत छापायला, तर ओळ जिथे संपते तिथे तिरपी रेघ / द्यावी. उभी रेघ देऊ नका. ती दंडासारखी दिसते आणि पाट्यांवर दंड भरपूर असतात.

पाटीवर वर कन्नड आणि खाली मराठी असेल तर ओळींचे क्रमांक सलग चालवा आणि कन्नड भाग कन्नड लिपीतच टाइप करा किंवा करून घ्या. तो देवनागरीत उतरवला की अक्षरे कशी झिजली आहेत हे दाखवण्याला अर्थच उरत नाही, कारण झिजली ती वेगळी अक्षरे. कन्नड येत नसेल तर 'ओळ 01 ते 04 कन्नड, टाइप केलेल्या नाहीत' एवढे लिहिणे प्रामाणिक.

टाइप करताना हात काय घोटाळे करतो

उच्चारावरून मराठी उमटवणारे कीबोर्ड या कामाला वाईट. 'यांनीं' टाइप करायला जावे तर तो 'यांनी' देतो, 'गांवकरी' चा 'गावकरी' करतो. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या पाट्यांवर ते जागोजाग असतात, आणि नंतरच्याही काही पाट्यांवर, कारण कोरणारा जुन्या वळणाचा होता. ते अनुस्वार हा पाटीचा मजकूर आहे. तिथे शुद्धलेखन सुधारायचे नाही. 'देवळ' असे चुकून कोरले असेल तर तेही तसेच, आणि टिपेत 'तसेच कोरले आहे' हे सांगायचे. नाहीतर पुढचा माणूस तुमची टायपिंगची चूक समजून दुरुस्त करील.

इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर जे बटण दाबाल तेच अक्षर येते, म्हणून तो घ्या. शब्दसूचना आणि आपोआप दुरुस्ती बंद करा. फाइल साध्या मजकुराची, युटीएफ-८ मध्ये जतन केलेली. छपाईच्या दुकानातल्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत टाइप करून घेतलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी होतो.

जोडाक्षरांबद्दल एवढेच : दगडावर द आणि ध एकाखाली एक असोत की शेजारी शेजारी, द, हलन्त, ध असेच टाइप करा. आकार ठरवतो तो फॉन्ट. दगडावर पाय मोडलेला द मुद्दाम वेगळा दाखवला असेल तरच मध्ये जोड तोडणारे अदृश्य चिन्ह, U+200C, घाला. 'दुसऱ्या' मधला अर्धा र मात्र ऱ, हलन्त, य असाच एका पद्धतीने द्या. तो दुसऱ्या तऱ्हेनेही उमटतो आणि दिसतो अगदी तसाच, पण मग फाइलमध्ये शोधताना सापडत नाही.

आमची पाटी, अक्षर अक्षर

पहिल्या संध्याकाळी, दिवसाच्या फोटोवरून, मी उतरवले ते असे :

```
01  ॥ श्री खळनाथ प्रसन्न ॥
02  या देवळाचा जीर्णो
03  द्धार समस्त पंच व गांवक
04  री यांनी केला शके १८३८
05  धातानामसंवत्सरे वैशाख शु॥ ३
06  काम करणार --- गवंडी मु॥ बेळगांव
```

पहिल्याच ओळीत देवाचा खळ केला होता. दोष पूर्ण माझा नव्हता. कुणीतरी अक्षरांत पांढरा ऑइल पेंट भरला होता आणि रंगवणाऱ्याने र चा शेपटा आणि व चा गोल खालून जोडून टाकला होता. र आणि व खालून जोडले की ख होतो, आणि ती जोडरेघ झिजली की ख चा पुन्हा रव होतो. जुन्या पाट्यांवर ही जोडी दोन्ही बाजूंनी फसवते. रात्री टॉर्च वरून धरल्यावर दिसले की र आणि व मध्ये टाकीची रेघच नाही. रंग सपाट दगडावरून गेला आहे. खोदलेल्या रेघेत एका कडेला सावली आणि दुसऱ्या कडेला उजेड असतो. नुसत्या रंगाला दोन्ही नसतात. त्यामुळे इथे कंससुद्धा लागला नाही. 'रव' स्पष्ट आहे, एवढेच टिपेत लिहायचे की रंग चुकीचा भरला आहे.

चौथ्या ओळीत मी 'यांनी' लिहिले होते. उजेड वरून टाकल्यावर नी वर एक खळगा दिसला. तो अनुस्वार की दगडाचा टवका, हे ठरवायला त्याच पाटीवरचे निर्विवाद अनुस्वार बघायचे : 'पंच' मधला, 'गांवक' मधला, 'यां' वरचा. ते तिन्ही गोल, सारख्या खोलीचे, कडा तीक्ष्ण, आणि शिरोरेघेपासून साधारण सारख्या उंचीवर. नी वरचा खळगा योग्य जागी आणि बऱ्यापैकी गोल आहे, पण एक कड ढासळलेली. आपोआप पडलेला टवका सहसा वेडावाकडा आणि उथळ असतो, त्याच्या आत दगडाचा खडबडीत ताजा पोत दिसतो. इथे दोन्हीकडची लक्षणे आहेत. म्हणून [नीं]. त्या काळच्या लेखनात 'यांनीं' असणे साहजिक आहे हे मला माहीत आहे, पण तेवढ्यावर कंस काढता येत नाही.

सहाव्या ओळीच्या मधोमध विजेच्या वायरीची खिळपट्टी ठोकलेली. तिथून टवका उडाला आहे. गवंड्याचे नाव गेले. पहिले अक्षर पूर्ण गेलेले, दुसऱ्याची वेलांटी तेवढी शाबूत, पुढे किती अक्षरे होती ते सांगता येत नाही. जागा मोजून अंदाज करता येतो : वरच्या ओळीत तेवढ्या रुंदीत किती अक्षरे बसली ते बघायचे. पण शेवटच्या ओळीत पाथरवट अक्षरे दाटीने कोरतात, हे याच पाटीवर 'गवंडी' शब्दात दिसते, म्हणून मी आकडा दिला नाही. आणि 'बेळगांव' मी डोळ्यांनी नव्हे, सवयीने वाचले होते. दगडावर बे, मग बहुधा ळ, आणि पुढे कोपराच तुटलेला. तिथे दोन अक्षरांएवढीच जागा होती, कारण पाटीची चौकट दुसऱ्या बाजूला शाबूत आहे आणि तिच्यावरून उजवी कड कुठे संपत होती ते काढता येते.

'शु॥' आणि 'मु॥' हे शुद्ध आणि मुक्काम यांचे संक्षेप. पुढचे दोन दंड ही संक्षेपाची खूण आहे, वाक्य संपल्याची नव्हे. ते तसेच ठेवायचे, फोड टिपेत द्यायची.

फुटलेला आकडा

आता शके १८३८. चौथ्या ओळीत शेवटून दुसरा अंक खरे तर फुटला आहे. खाली एक वाकडा शेपटा उरलाय, तो ३ चा असू शकतो, ५ चा किंवा ६ चाही. तरी मी ३ का लिहिला? कारण देवळाच्या फाटकावर पत्र्याचा रंगीत फलक आहे, त्यावर 'जीर्णोद्धार शके १८३८' असे लिहिले आहे, आणि आत शिरताना मी तो वाचला होता.

पाचव्या ओळीत संवत्सराचे नाव आहे, ते इथे उपयोगी पडते. साठ संवत्सरांचे चक्र आपल्या पंचांगात प्रभवापासून सुरू होते. शकाच्या आकड्यात १२ मिळवून ६० ने भागले की उरते ती त्या संवत्सराची संख्या. बाकी शून्य आली तर साठावे, क्षय. पडताळून बघायचे तर शके १९४६ : त्यात १२ मिळवून १९५८, साठने भागून बाकी ३८, अडतिसावे क्रोधी, आणि २०२४ च्या पाडव्याला क्रोधीच सुरू झाले होते.

धाता दहावे. शके १८३८ घेतले तर १८५०, बाकी ५०, म्हणजे नल संवत्सर. जुळत नाही. १८०८ पासून १८९८ पर्यंत दशकाचा प्रत्येक अंक घालून पाहिला. बाकी १० येते ती फक्त १८५८ ला. म्हणजे इ.स. १९३६, कारण वैशाख शकवर्षाच्या सुरुवातीलाच येतो आणि तेव्हा शकात ७८ मिळवायचे.

पण 'धाता' तरी नीट वाचता येतो का? धा चा वरचा भाग झिजला आहे, त्यालाही कंस लागतो. इथे सुदैवाने पुढचा 'ता' धडधडीत स्पष्ट आहे आणि साठ नावांत 'ता' ने संपणारे नाव एकटे धाता. दुसरे एखादे नाव असते, समजा 'धी' ने संपणारे, तर विरोधी, क्रोधी अशी दोन-दोन नावे हिशेबात धरावी लागली असती. शतकाचा अंकही गेला असता तर १७३८, १७९८, १८५८ अशा वर्षांतून निवड करायला अक्षरांचे वळण आणि दगडाचा प्रकार सोडून आधार उरला नसता. फार जुन्या लेखांत आणखी एक गोष्ट सांभाळायची : तिथे शक कधी गत वर्षांत, कधी चालू वर्षांत मोजलेला असतो, त्यामुळे या हिशेबात एकाचा फरक पडला तर लगेच पाथरवटाला चुकीचा ठरवू नये.

इतके सगळे झाल्यावर चौथ्या ओळीत मी ५ लिहिला का? नाही. दगडावर ५ दिसत नाही. शेपट्यावरून एकट्या ५ कडे बोट दाखवता आले असते तर [५] लिहिले असते. इथे ५ आला तो गणितातून, म्हणून ओळीत + आणि टिपेत गणित. मजकुरात [५] टाकला असता तर पुढच्याने 'दगडावर पुसट ५ आहे' असे समजून त्यावरून संवत्सर पडताळले असते आणि माझेच गणित मला पुरावा म्हणून परत आले असते.

तिसऱ्या संध्याकाळनंतरची फाइल :

```
01  ॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥
02  या देवळाचा जीर्णो
03  द्धार समस्त पंच व गांवक
04  री यां[नीं] केला शके १८+८
05  [धा]तानामसंवत्सरे वैशाख शु॥ ३
06  काम करणार +◌ी--- गवंडी मु॥ बे[ळ]++
```

खाली टिपा, ओळीच्या क्रमांकाने. ओळ 01 : पांढऱ्या रंगात 'ख' दिसतो, कोरीव 'रव'. ओळ 04 : नी वरचा खळगा अनुस्वार असावा, दशकाचा अंक फुटला, खालचा शेपटा उरला, धाता संवत्सरावरून १८५८, इ.स. १९३६. ओळ 05 : धा चा वरचा भाग झिजलेला, शु॥ म्हणजे शुद्ध. ओळ 06 : वायरीच्या खिळ्याने टवका उडाला, मु॥ म्हणजे मुक्काम, शेवटी बहुधा 'बेळगांव'.

तपासणी दुसऱ्याकडून, आणि उलटी

स्वतःचे टायपिंग स्वतः तपासले तर जे वाचायचे होते तेच पुन्हा वाचले जाते. मी शेजारच्या कॉलेजातल्या पोराला नुसते फोटो दिले, फाइल दाखवली नाही, आणि म्हटले, "तू वेगळे उतरव, माझे बघू नकोस." त्याने पाचव्या ओळीतली तिथी ३ ऐवजी २ वाचली. मी दगडाकडे परत गेलो. ३ चे मधले वळण उजवीकडच्या उजेडात स्पष्ट होते, त्याच्याकडे फक्त डावीकडचा फोटो गेला होता. वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे अक्षय्य तृतीया, बांधकामाला चांगला दिवस, म्हणून ३ च असणार असे मी आधीच धरले होते. ते कारण टिपेत घातले नाही. वळण दिसले, तेवढे पुरे.

एकट्याने तपासायचे असेल तर शेवटच्या ओळीपासून वर आणि प्रत्येक ओळ उजवीकडून डावीकडे, अक्षर अक्षर बोट ठेवून जा. अर्थ लागत नसला की डोळा अक्षर बघतो. माझा 'यांनी' याच फेरीत पकडला गेला.

फाइलच्या शेवटी फोटो कुठल्या तारखेला, कुठल्या बाजूच्या उजेडात काढला, पाटी देवळात नेमकी कुठे होती आणि कुठल्या फोटोवरून कुठली ओळ वाचली, हे लिहून फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवले. पाटी नंतर उतरवली गेली, आता गाभाऱ्याच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवली आहे, न फुटता.

फाटकावरचा पत्र्याचा फलकही मी टाइप केला, वेगळ्या फाइलमध्ये, त्यावर आहे तसाच, शके १८३८ सकट.